दिनदर्शिकेच्या पानाचा फोटो कसा वाचावा: आधी चौकोन, मग छपाई, शेवटी हस्ताक्षर

घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पानाचा फोटो कुणीतरी पाठवतं आणि त्यावरून सण, सुट्ट्या, डॉक्टरची वेळ, गॅस कधी लावला हे सगळं आपल्याला उतरवून घ्यायचं असतं. बहुतेक जण फोटो उघडतात, पेनाने लिहिलेलं काही दिसलं की बोटांनी मोठं करतात, आणि तो मजकूर ज्या आकड्याजवळ दिसेल ती तारीख धरतात. चूक होते ती इथेच. फोटो मोठा केला की आजूबाजूचे चौकोन पडद्याबाहेर जातात. मग वर-खाली काय आहे, डावी-उजवीकडे काय आहे, हे कळायला काहीच उरत नाही.

खालचा क्रम मराठी भिंतीवरच्या, तिथीवाल्या दिनदर्शिकेसाठी आहे. उदाहरणासाठी ऑगस्ट २०२५ चं पान घेतलं आहे, कारण फसवणाऱ्या जवळजवळ सगळ्या जागा त्या एकाच पानावर सापडतात. तिथी संपण्याच्या ज्या वेळा दिल्या आहेत त्यांत प्रकाशकाप्रमाणे काही मिनिटांचा फरक असू शकतो.

## तयारी: फोटो वाचण्याजोगा आहे का?

मोठी दिनदर्शिका साधारण चाळीस सेंटिमीटर उंच असते. पूर्ण पान फोटोच्या लांब बाजूत बसवलं आणि फोटो ४००० पिक्सेलचा असेल, तर एका सेंटिमीटरला १०० पिक्सेल मिळतात. सणाखालचं बारीक अक्षर दीड मिलिमीटरचं धरलं तर त्याच्या वाट्याला १५ पिक्सेल येतात. एवढ्यात मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार वेगळे दिसतात. तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. मग त्याच अक्षराला जेमतेम ६ पिक्सेल उरतात आणि अनुस्वाराला एखादा. अशा फोटोतली बारीक छपाई वाचता येत नाही. डोळे कितीही ताणले तरी जे फोटोत उरलेलंच नाही ते दिसणार नाही, आणि मग माणूस अंदाजाने वाचायला लागतो.

म्हणून पाठवणाऱ्याला एवढं सांगा:

- फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो मूळ आकारात येतो.
- एक फोटो पूर्ण पानाचा हवा, वरचं महिन्याचं नाव आणि चारही कडांसकट. त्याशिवाय पानाचे चार भाग करून चार जवळचे फोटो काढा. शेजारच्या दोन फोटोंत चौकोनांची एक ओळ दोन्हीकडे यायला हवी, नाहीतर जोडताना घोळ होतो.
- फ्लॅश बंद ठेवा. गुळगुळीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग नेमका मधल्या चौकोनांवर पडतो. खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या.
- पानाच्या पाठीमागे काळा किंवा गडद कागद धरा. मागच्या बाजूची छपाई पुढे उमटते ती त्याने बरीच दबते.
- स्कॅनरचा 'काळा-पांढरा' पर्याय वापरू नका. त्यात लाल छपाई, निळं पेन आणि पेन्सिल सगळं एकसारखं काळं होतं. छापील काय आणि हाताने लिहिलेलं काय, हे ओळखायची सर्वांत सोपी खूण रंग हीच आहे.

तपासा: पूर्ण पानाच्या फोटोत चौकोनांच्या उभ्या रेघा वर-खाली सारख्याच अंतरावर आहेत का? वर जवळ आणि खाली लांब असतील तर फोन तिरका धरला होता. असा फोटो वाचता येतो, पण लांबच्या टोकाची अक्षरं आणखी बारीक झालेली असतात. त्या भागाचा जवळचा फोटो पुन्हा मागवा.

## टप्पा १: पान कोणत्या वर्षाचं आहे ते ठरवा

वरची पट्टी फोटोत असेल तर प्रश्न नाही: महिना, इसवी सन आणि शक तिथेच छापलेलं असतं. ऑगस्ट २०२५ च्या पानावर शके १९४७, विश्वावसू संवत्सर.

पट्टी कापली गेली असेल तर मात्र वारांवरून वर्ष ओळखायला जाऊ नका. २०१४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी १ ऑगस्टला शुक्रवारच होता. दोन्ही पानांवर आकडे आणि वार तंतोतंत सारखे. वर्ष ओळखायचं ते तिथीने ठरणाऱ्या सणावरून. गणेश चतुर्थी २०१४ मध्ये २९ ऑगस्टला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. स्वातंत्र्यदिन दरवर्षी १५ तारखेलाच येतो, त्यामुळे वर्ष ओळखायला त्याचा उपयोग नाही.

हे अनावश्यक वाटेल. पण जुनं पान त्यावर लिहिलेल्या नोंदींसाठी जपून ठेवलेलं असतं, आणि फोटोंच्या गर्दीत ते चालू वर्षाचं समजलं जातं.

## टप्पा २: कागदावर रिकामी चौकट काढा

या टप्प्यात एकही अक्षर वाचायचं नाही. एका कोऱ्या कागदावर दिनदर्शिकेसारखीच चौकट काढा आणि त्यात फक्त तारखा भरा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सर्वांत मोठ्या चुका इथेच टळतात.

आधी मांडणी ओळखा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये वार वर आडवे असतात आणि उद्याचा दिवस उजवीकडे असतो. बऱ्याच मराठी दिनदर्शिकांत वार डावीकडे एकाखाली एक असतात: रवि, सोम, मंगळ. तिथे उद्याचा दिवस खाली असतो, आणि उजवीकडचा चौकोन म्हणजे पुढच्या आठवड्यातला तोच वार. ज्याची नजर मोबाइलला सरावली आहे तो हे हमखास विसरतो.

ऑगस्ट २०२५ चं पान या मांडणीत असं दिसतं:

| वार | | | | | |
|---|---|---|---|---|---|
| रवि | ३१ | ३ | १० | १७ | २४ |
| सोम | – | ४ | ११ | १८ | २५ |
| मंगळ | – | ५ | १२ | १९ | २६ |
| बुध | – | ६ | १३ | २० | २७ |
| गुरु | – | ७ | १४ | २१ | २८ |
| शुक्र | १ | ८ | १५ | २२ | २९ |
| शनि | २ | ९ | १६ | २३ | ३० |

डावीकडे वर कोपऱ्यात बघा. महिना शुक्रवारी सुरू झाला आणि ३१ दिवसांचा आहे, म्हणून शेवटच्या रविवारला जागा उरली नाही. सहावी उभी ओळ काढण्याऐवजी ३१ तारीख पहिल्या ओळीतल्या रिकाम्या जागेत छापतात. म्हणजे पानावर सर्वांत आधी नजर पडते ती महिन्याच्या शेवटच्या दिवसावर. आडव्या मांडणीच्या दिनदर्शिकांत याच कारणाने एका चौकोनात तिरकी रेघ मारून '२४/३१' असं छापलेलं असतं. तिथे पेनाने लिहिलेली नोंद दोहोंपैकी कोणत्या तारखेची, हे पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नका.

ऑगस्ट २०२५ मध्ये या कोपऱ्यातल्या चौकोनाला जास्त महत्त्व आहे, कारण ३१ तारखेला ज्येष्ठा गौरी आवाहन आहे. फोटो घाईत पाहणारा माणूस ते महिन्याच्या सुरुवातीला आहे असं धरून बसतो. गणपती २७ तारखेला, मग गौरी त्याच्या आधी कशा, एवढा एक प्रश्न मनात आला तरी चूक सापडते.

बाकीच्या रिकाम्या चौकोनांत जाहिरात, सूचना किंवा मागच्या-पुढच्या महिन्याची छोटी चौकट छापलेली असते. त्या छोट्या चौकटीतले आकडे या महिन्याचे नाहीत. आपल्या कागदावर तिथे फुली मारून टाका.

तपासा: एकाच वाराच्या तारखांमध्ये सातचा फरक आहे का? शुक्रवार: १, ८, १५, २२, २९. एखादा आकडा चकाकीत गेला असेल तर तो याच हिशोबाने भरा, फोटोकडे बघून ओळखू नका.

## टप्पा ३: छापील मजकूर वाचा, तिथीपासून

आता पूर्ण पानाचा फोटो बाजूला ठेवून जवळचे चार फोटो घ्या. एका चौकोनात साधारण चार गोष्टी असतात: मोठा आकडा, सणाचं किंवा दिवसाचं नाव, तिथी आणि ती संपण्याची वेळ, नक्षत्र आणि ते संपण्याची वेळ. क्रम प्रकाशकाप्रमाणे बदलतो. चार-पाच स्वच्छ दिसणारे चौकोन आधी वाचून क्रम ठरवा, मग पुसट चौकोनांकडे वळा.

सणांआधी तिथी उतरवा, कारण तिथी ओळीने येतात. ११ तारखेला द्वितीया आणि १३ तारखेला चतुर्थी स्पष्ट दिसत असेल, तर १२ चा पुसट शब्द तृतीया असणार. सणांच्या नावांना असा शेजाऱ्यांचा आधार मिळत नाही.

पण तिथींची ओळ दर महिन्याला साधारण एक-दोन ठिकाणी मोडते, आणि तिथे वाचणारा 'छपाईची चूक' समजून स्वतःच दुरुस्ती करून टाकतो. चौकोनात जी तिथी छापतात ती सूर्योदयाच्या वेळी चालू असलेली असते. तिथी मात्र चोवीस तासांची नसते, कधी जास्त, कधी कमी. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तर एखादी एकही पाहत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही प्रकार आहेत. श्रावण शुक्ल अष्टमी १ तारखेच्या पहाटे सुरू होते आणि २ तारखेला सकाळी साडेसातच्या सुमारास संपते, म्हणून १ आणि २ दोन्ही चौकोनांत अष्टमी. उलट वद्य चतुर्थी १३ तारखेला सूर्योदयानंतर थोड्याच वेळाने, ६.३५ ला संपते, आणि त्यानंतरची पंचमी १४ च्या पहाटे ४.२३ लाच संपून जाते. तिला सूर्योदय मिळत नाही. म्हणून १३ ला चतुर्थी आणि १४ ला एकदम षष्ठी. पंचमी 'क्षय' म्हणून १३ च्या चौकोनातच बारीक अक्षरात दिलेली असते, आणि कमी पिक्सेलच्या फोटोत आधी तीच नाहीशी होते.

आता पहिली उभी ओळ पुन्हा पाहा: ३१, १, २. तिन्ही चौकोनांत अष्टमी! पैकी १ आणि २ ची अष्टमी श्रावण शुक्ल पक्षातली, ३१ ची भाद्रपद शुक्ल पक्षातली. ज्याने टप्पा २ टाळला तो इथे नक्की अडखळतो, कारण त्याच्या लेखी हे सलग तीन दिवस असतात.

### संक्षेप आणि वेळा

'शु.' हे तिथीच्या आधी असेल तर शुक्ल पक्ष, वाराच्या जागी असेल तर शुक्रवार. 'व.' म्हणजे वद्य, 'कृ.' म्हणजे कृष्ण, दोन्ही एकच. नक्षत्रांत 'पू.' तीन आहेत, आणि ते कोणतं ते आदल्या दिवसावरून कळतं: मघेनंतर आलं तर पूर्वा फाल्गुनी, मूळनंतर पूर्वाषाढा, शततारकेनंतर पूर्वाभाद्रपदा.

वेळांमध्ये मध्यरात्रीनंतरची वेळ घात करते. दिनदर्शिकेचा दिवस सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत मोजलेला असतो. १४ ऑगस्टच्या चौकोनात षष्ठीपुढे 'उ.रा. २.०७' किंवा '२६.०७' असं काही दिसेल. 'उ.रा.' म्हणजे उत्तररात्र. ही वेळ घड्याळाने १५ तारखेची पहाट आहे. फोनमध्ये नोंद करताना '१४ ऑगस्ट, २.०७' असं घातलंत तर नोंद बरोबर चोवीस तास आधी पडते. '२६' हा आकडा पाहून तो तारीख आहे असं समजणारेही भेटतात. तारीख मोठ्या अक्षरात एकदाच असते, बाकीचे आकडे बहुतेक वेळेचे.

सावधान: सूर्योदय, सूर्यास्त आणि चंद्रोदयाच्या वेळा ज्या शहरासाठी छापल्या आहेत त्याचं नाव पानावर किंवा पहिल्या पानावर असतं. दुसऱ्या गावी राहणाऱ्याने संकष्टीचा चंद्रोदय त्या आकड्यावरून धरू नये. तिथी संपण्याची वेळ मात्र भारतात सगळीकडे एकच.

## टप्पा ४: सण आणि तिथी जुळत नाहीत तेव्हा

अनुभवी लोकही इथे चुकतात, आणि चूक प्रामाणिक असते. १२ ऑगस्टच्या चौकोनात सण 'अंगारक संकष्ट चतुर्थी' आणि तिथी 'तृतीया ८.४०'. वाचणाऱ्याला वाटतं, आपण शेजारच्या चौकोनाची ओळ वाचली. १३ ला चतुर्थी स्पष्ट छापलेली दिसते, म्हणून तो संकष्टी १३ ला सरकवतो. मग तो बुधवार ठरतो आणि 'अंगारक' शब्दाला अर्थच राहत नाही, कारण मंगळवारी आली तरच ती अंगारकी.

दोन्ही छापील गोष्टी बरोबर आहेत. तिथीच्या जागी सूर्योदयाची तिथी आहे. सण मात्र ज्या वेळेला महत्त्व आहे त्या वेळेच्या तिथीवर ठरतो. संकष्टीला ती वेळ चंद्रोदयाची. तृतीया १२ ला सकाळी ८.४० ला संपते, चतुर्थी लागते, आणि रात्री चंद्र उगवतो तेव्हा चतुर्थीच असते. १३ च्या रात्री ती नसते.

तीन दिवसांनी हेच पुन्हा दिसतं. १५ ऑगस्टला 'श्रीकृष्ण जयंती' आणि तिथी सप्तमी. सप्तमी रात्री ११.४९ ला संपते, मध्यरात्री अष्टमी असते, आणि जन्माची वेळ मध्यरात्रीची. गोपाळकाला १६ ला. २२ तारखेला चतुर्दशी छापलेली असूनही पिठोरी अमावास्या आणि पोळा आहे, कारण अमावास्या त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास लागते.

म्हणून नियम असा ठेवा: सणाचं नाव ज्या चौकोनात छापलं आहे तीच त्याची तारीख. तिथी जुळत नाही म्हणून सण सरकवायचा नाही. तिथीची समाप्ती-वेळ बघायची. छापील तिथी त्याच दिवशी संपून पुढची लागत असेल तर बहुतेक वेळा कोडं तिथेच सुटतं.

आणखी एक गोष्ट, पडताळणीसाठी दुसरीकडे शोधणाऱ्यांसाठी. मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडच्या पंचांगांत पौर्णिमेला. त्यामुळे १२ ऑगस्ट आपल्याकडे श्रावण वद्य, तर तिकडे भाद्रपद कृष्ण. पक्ष आणि तिथी तीच, महिन्याचं नाव वेगळं. शुक्ल पक्षात हा फरक नसतो. महिन्याच्या नावावरून 'आपण चुकीचं वाचलं' असं समजून पान पुन्हा वाचत बसू नका.

तपासा: आतापर्यंत उतरवलेल्यात पौर्णिमा ९ ला आणि अमावास्या २३ ला आली का? मधे किती दिवस आहेत आणि कोणती तिथी गळली हे सांगता येतं का? येत असेल तर छपाई नीट वाचली गेली.

## टप्पा ५: हस्ताक्षर, आणि ते कोणत्या चौकोनाचं

आता कुठे पेनाकडे वळायचं. प्रत्येक नोंदीसाठी दोन वेगळे प्रश्न आहेत: काय लिहिलं आहे, आणि ते कोणत्या दिवसाचं आहे. दुसरा आधी सोडवा.

भिंतीवर टांगलेल्या पानावर माणूस उभ्याने, घाईत लिहितो. चौकोनात छपाई असल्यामुळे जागा थोडी, म्हणून वाक्य बाहेर सांडतं. नोंद कोणत्या चौकोनाची ते तिच्या पहिल्या अक्षरावरून ठरवा, मजकूर जिथे पसरला आहे त्यावरून नाही. 'डॉ.' १२ च्या चौकोनात आणि 'वा.' १९ मध्ये गेलं असेल तर नोंद १२ ची आहे. पहिलं अक्षर रेघेवरच असेल तर आकड्याभोवती गोल, टिंब किंवा बाण आहे का ते बघा.

रेघा आणि बाणांचं वाचन मांडणीवर अवलंबून आहे. वार डावीकडे असलेल्या पानावर ११ पासून १५ पर्यंत खाली ओढलेली रेघ म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सलग पाच दिवस. ५ पासून २६ पर्यंत उजवीकडे गेलेली रेघ म्हणजे चार मंगळवार. गोळ्यांच्या नोंदीत ही चूक झाली तर पाच दिवसांचं औषध आठवड्यातून एकदा घेतलं जाईल. १६ ला संपलेली रेघ १७ ला पुढे चालू आहे का, हे पाहायचं तर पानाच्या तळापासून पुढच्या ओळीच्या माथ्यावर उडी मारावी लागते. लिहिणारा तिथे दुसरी रेघ सुरू करतो आणि फोटो वाचणारा ती वेगळी नोंद समजतो.

### आकडे

घरात दोन पिढ्या एकाच पानावर लिहितात, एक देवनागरी आकड्यांत, दुसरी इंग्रजी आकड्यांत. तीन जोड्या धोक्याच्या आहेत:

- देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो.
- देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो.
- देवनागरी ७ घाईत काढला की उलट्या बाजूने इंग्रजी सहासारखा भासतो.

एकट्या आकड्याकडे बघून हे कधीच सुटत नाही. त्याच पेनाच्या, त्याच हाताच्या दुसऱ्या नोंदी शोधा. दुधाच्या हिशोबात २, ३, ५ असे आकडे असतील तर लिपी लगेच कळते: देवनागरी ५ आणि इंग्रजी पाच यांत गोंधळ होत नाही. ती व्यक्ती देवनागरी लिहिते हे एकदा ठरलं की तिचा प्रत्येक 'नऊ' आधी एक म्हणून वाचून बघा. अर्थावरूनही मदत होते, पण बेताने. रोजच्या दुधात '४ ली' आणि 'आठ लिटर' यांत घरातल्या माणसांच्या संख्येवरून निवड करता येते. डॉक्टरची वेळ एकची की नऊची, हे अर्थावरून ठरत नाही. दोन्ही वेळा शक्य आहेत.

दुसरी गल्लत छापील आकड्यांशी होते. पेनाने लिहिलेला '११' तिथीच्या समाप्ती-वेळेला चिकटला की त्याचाच भाग वाटतो. इथे रंग कामाला येतो: फोटो मोठा करा आणि शाईची छटा बघा. छापील काळा सगळीकडे एकसारखा असतो, बॉलपेनाची रेघ मधे फिकी, वळणावर गडद असते. पेन्सिलीचं लिखाण समोरून काढलेल्या फोटोत जवळजवळ दिसत नाही. त्यासाठी त्या भागाचा, उजेड अगदी एका बाजूने घेतलेला वेगळा फोटो मागवा.

फुल्या आणि खुणांचा अर्थ पानावर लिहिलेला नसतो. एकाच घरात फुली म्हणजे 'कामाच्या बाई आल्या नाहीत' आणि दुसऱ्या रंगातली फुली म्हणजे 'दूध घेतलं नाही' असू शकतं. खूण तशीच उतरवा, अर्थ विचारून लिहा.

## टप्पा ६: उतरवणं आणि विचारणं

थेट फोनच्या कॅलेंडरमध्ये भरू नका. आधी कागदावर किंवा साध्या तक्त्यात सहा रकाने करा: तारीख, वार, छापील सण, तिथी, हाताने लिहिलेलं जसंच्या तसं, आणि खात्री. खात्रीच्या रकान्यात तीनच शब्द: पक्कं, बहुधा, वाचता येत नाही. 'जसंच्या तसं' म्हणजे 'डॉ. १ वा.' असेल तर तेच लिहायचं. 'डॉक्टरकडे दुपारी एक वाजता' हा आपला अर्थ आहे, तो त्यात मिसळायचा नाही.

समजा आपल्या पानावर चार नोंदी आहेत. कोपऱ्यातल्या चौकोनात 'गॅस लावला', १२ पासून १९ मध्ये सांडलेलं 'डॉ. १ वा.', ११ ते १५ खाली जाणारी रेघ आणि तिच्या टोकाला 'गोळी', आणि २७ मध्ये 'सगळे येणार'. तक्ता असा होईल:

| तारीख | वार | छापील सण | तिथी | हाताने | खात्री |
|---|---|---|---|---|---|
| ११–१५ | सोम–शुक्र | – | – | गोळी | बहुधा (शेवट १५ की १६?) |
| १२ | मंगळ | अंगारक संकष्ट चतुर्थी | तृतीया ८.४० | डॉ. १ वा. | बहुधा (एक की नऊ?) |
| २७ | बुध | गणेश चतुर्थी | चतुर्थी दु. ३.४४ | सगळे येणार | पक्कं |
| ३१ | रवि | ज्येष्ठा गौरी आवाहन | भाद्र. शु. अष्टमी | गॅस लावला | बहुधा (३१ ची की कोपऱ्यात जागा होती म्हणून?) |

शेवटच्या ओळीतली शंका खरी आहे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात हात सहज पोचतो, म्हणून तारखेशी संबंध नसलेल्या नोंदी तिथे लिहिल्या जातात. फोटो ऑगस्टच्या मध्यात काढला असेल तर 'लावला' हा भूतकाळ ३१ तारखेला बसूच शकत नाही. फोटो काढल्याची तारीख फोनमध्ये असते, ती बघून ही ओळ सोडवता येते. पण व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोवर अनेकदा पाठवल्याची तारीख दिसते, हे लक्षात ठेवा.

'बहुधा' असलेल्या ओळींसाठी घरी फोन करा, आणि प्रश्न असा विचारा की उत्तर तुमच्या तोंडून जाणार नाही. "आई, डॉक्टरची वेळ एक वाजताची ना?" असं विचारलं की "हो, तीच असेल" असं उत्तर येतं. त्याऐवजी: "आई, जरा कॅलेंडरपाशी उभी राहा. मंगळवारच्या ओळीत बारा तारखेच्या चौकोनात काय लिहिलंय ते वाच बरं." वार आणि तारीख दोन्ही सांगा, म्हणजे ती चुकीच्या चौकोनात बघत असेल तर तिथल्या तिथे कळेल. औषध आणि डॉक्टरच्या नोंदी 'पक्कं' वाटल्या तरी याच पद्धतीने विचाराव्यात.

'वाचता येत नाही' ही ओळ तशीच ठेवायला संकोच वाटू देऊ नका. रिकामी ओळ पाहून कुणीतरी विचारेल. अंदाजाने भरलेली ओळ कुणी विचारणार नाही.

शेवटी फोनमध्ये भरताना '१२ ऑगस्ट' टाकल्यावर फोन दाखवतो तो वार मंगळवार आहे का, हे प्रत्येक नोंदीला बघा. महिना किंवा वर्ष चुकीचं उघडलं असेल तर ते इथे उघडं पडतं. मध्यरात्रीनंतरच्या वेळा पुढच्या तारखेला टाका. आणि मूळ फोटो नोंदींसोबत ठेवा, महिना संपेपर्यंत तरी, कारण भिंतीवरच्या पानावर पेन चालूच असतं आणि पुढचा फोटो आला की कोणती नोंद नवी हे दोन्ही शेजारी ठेवूनच कळतं.